ई-इंक मॉनिटरवर मागच्या पानाची सावली राहते – वाचताना कोणता मोड, लिहिताना कोणता?

अंबाडीची_भाजी
नमस्कार मंडळी. मी आर्वीजवळच्या खेड्यात राहते, मुद्रितशोधनाचं काम करते. जुनी पुस्तकं स्कॅन होऊन येतात, ती वाचायची आणि शेजारी रायटरमध्ये नव्या नियमांनी मजकूर तयार करायचा, रोजचे सात-आठ तास. डोळे इतके चुरचुरायचे की संध्याकाळी सुईत दोरा ओवता यायचा नाही, म्हणून दिवाळीत तेरा इंची ई-इंक मॉनिटर घेतला. डोळ्यांना आराम पडला, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

पण सावली! पान बदललं की मागच्या पानाची अक्षरं फिकट फिकट खाली राहतात. मॉनिटरवर तीन मोड आहेत, चित्र, मजकूर आणि जलद. चित्रात ठेवलं तर पान छान स्वच्छ येतं पण टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं आणि सगळं लुकलुकतं. जलदमध्ये टायपिंग मस्त होतं पण दहा मिनिटांत पडदा मळतो. आणि माझ्या कामात मळका पडदा म्हणजे सरळ चूक. १९६२ च्या आधीची पुस्तकं आहेत, त्यात घरांत, केलें, तेथें असे अनुस्वार जागोजागी, ते मला काढायचे असतात. परवा एका ओळीत मी अनुस्वार राहिला समजून काढायला गेले तर तो तिथं नव्हताच, मागच्या पानाचा ठिपका होता. उलटंही झालं असेल, म्हणजे खरा अनुस्वार सावली समजून मी सोडला असेल, याची मला धास्ती वाटते. कोणी रोज लिहायला-वाचायला असा मॉनिटर वापरत असेल तर नेमकं काय करता ते सांगा.

बोरकूट
मागचा भाडेकरू खोली सोडून गेला अन् सामान तिथंच. वाचून राह्यलो, मलेही घ्याचा आहे.

धडाकेबाज_पोट्टा
ताई हे सोप्पं आहे. घोस्टिंग म्हणजे रिस्पॉन्स टाइम कमी पडते. मेनूत ओव्हरड्राइव्ह किंवा स्पीड असं काही असन, ते पूर्ण वर न्या. माझ्या गेमिंग मॉनिटरवर गाडीच्या मागं शेपटी दिसत होती, ओव्हरड्राइव्ह वाढवलं अन् गायब.

अंबाडीची_भाजी
@धडाकेबाज_पोट्टा स्पीडची पट्टी आहे, एक ते सात. सातवर नेऊन पाहिली तर सावली आणखी वाढली, कर्सर मात्र पटकन धावतो.

सातपुड्याचा_वारा
वाढणारच. दादाचं म्हणणं एलसीडीसाठी बरोबर आहे, इथं उलटं होतं. एलसीडीतली सावली क्षणभराची असते, ई-इंकमधली बसून राहते, कारण पडद्यात खरोखरचे काळे आणि पांढरे कण आहेत आणि वीज बंद केली तरी ते जिथं आहेत तिथंच थांबतात. वीज देऊन पांढरे वर ओढायचे, काळे खाली ढकलायचे, एवढंच काम चालतं. घाईत ढकललं तर काही कण मधेच अडकतात, तीच तुमची सावली.

शाळेतली पाटी आठवा. कोरड्या हातानं पुसली तर लगेच पुसली जाते पण मागचं अक्षर दिसत राहतं. ओल्या फडक्यानं पुसली तर स्वच्छ होते पण वाळेपर्यंत थांबावं लागतं. जलद मोड म्हणजे कोरडा हात. त्याला आत ए-टू म्हणतात, नेहमीच्या तापमानाला एक बदल साधारण १२० मिलिसेकंदात उरकतो, पण त्याला फक्त काळं आणि पांढरं कळतं. मजकूर मोड बहुतेक डीयू जातीचा असतो, साधारण २६० घेतो. चित्र मोड सोळा राखाडी छटा दाखवतो, साधारण ४५० लागतात, आणि तो कणांना आधी वरखाली पूर्ण हलवून मग जागेवर बसवतो म्हणून लुकलुकतो. ते लुकलुकणं म्हणजे ओलं फडकं, त्याला दोष देऊ नका. कंपन्या नावं वेगळी देतात आणि मधेच स्वतःची भर घालतात, त्यामुळे तुमच्या मजकूर मोडमध्ये नेमकं काय आहे ते मी इथून सांगू शकत नाही.

आता मला एक सांगा, तुम्ही स्कॅनचं पान चित्र मोडमध्ये वाचता आणि मग टायपिंगला जाताना तसंच जलद करता का? बटण दाबायचा क्रम नेमका लिहा.

निंबोणी_देवळी
माझ्या किंडलवर असं काहीच होत नाही हो, तीन वर्षं झाली. सहा-सात पानांनी एकदा काळं होऊन येतं, बस. मॉनिटरचा पीसच खराब असेल, बदलून घ्या ना.

सातपुड्याचा_वारा
@निंबोणी_देवळी पीस खराब असण्याची शक्यता कमी. किंडलमध्ये पुस्तकाचं ॲप स्वतः पडद्याला सांगतं की आता पान उलटलं, पूर्ण पुस. मॉनिटरला तसं कोणी सांगत नाही. लॅपटॉप त्याच्याकडे नुसती चित्रं पाठवत राहतो, आणि कुठला ठिपका बदलला एवढंच बघून मॉनिटरला अंदाज बांधावा लागतो. पान उलटलं, कर्सर लुकलुकला की कोपऱ्यातलं घड्याळ बदललं, त्याला सगळं सारखंच. म्हणून पान उलटलं हे त्याला आपण बटणानं सांगायचं.

अंबाडीची_भाजी
हो, तसंच करते. चित्र मोडमध्ये पीडीएफ, मग मोडचं बटण दोनदा दाबलं की जलद, मग ऑल्ट-टॅब करून रायटर. पुसायचं बटण वेगळं आहे, पण ते मी फारच मळलं की दाबते. लॅपटॉपवर उबुंटू आहे.

सातपुड्याचा_वारा
मिळालं मग. जलद मोडला फक्त काळं-पांढरं कळतं असं वर म्हटलं ना, तर त्याला सुरुवातही काळ्या-पांढऱ्यापासूनच मिळायला हवी. तुम्ही त्याला पिवळट पानाच्या राखाडीवर आणून सोडता. राखाडी ठिपका पांढरा करायला नेमका किती धक्का द्यायचा हे त्याच्या तक्त्यात नाही, तो अंदाजे धक्का देतो आणि थर तसाच राहतो. मग त्यावर तुम्ही तासभर टाइप करता.

क्रम असा करा. चित्र मोडमध्ये असतानाच ऑल्ट-टॅब करून रायटर समोर आणा. मग पुसायचं बटण, पडदा काळा-पांढरा होऊन शांत होईपर्यंत थांबा. मग जलद. परत येताना आधी चित्र मोड, मग पीडीएफ, मग पुसा. एका दाबण्याचाच फरक आहे पण तो योग्य जागी हवा.

दुसरं म्हणजे रायटरमध्ये राखाडी कुठं कुठं आहे ते शोधा. पानाच्या बाजूचा राखाडी पट्टा असतो, View मधून Web घेतलं की तो जातो. शुद्धलेखनाची लाल नागमोडी रेघ राखाडी ठिपक्यांची होते, ती टाइप करताना बंद ठेवा, Shift+F7. आणि लुकलुकणारा कर्सर एकाच जागी शेकडो वेळा ठोके देत बसतो, त्याखाली डाग धरतो. टर्मिनलमध्ये हे टाका,

```
gsettings set org.gnome.desktop.interface cursor-blink false
gsettings set org.gnome.desktop.interface enable-animations false
```

आधी एवढंच करा. सगळं एकदम बदललं तर कशानं फरक पडला ते कळणार नाही.

बोरकूट
कर्सरचं तं डोक्यातच नोतं आलं बाप्पा.

पऱ्हाटी_यवतमाळ
मी दोन वर्षं वापरून राह्यलो, वकिलीचे कागद वाचाले. माह्या मते सगळ्यात मोठा गुन्हेगार अक्षराच्या कडा आहेत. कॉम्प्युटर अक्षर गुळगुळीत दाखवाले कडेले राखाडी ठिपके लावते. ते बंद करा, निम्मी सावली जाते.

```
gsettings set org.gnome.desktop.interface font-antialiasing 'none'
```

अन् माउसचं चाक फिरवू नका. चाकानं पान इंच इंच सरकते, एका पानाच्या वीस सावल्या पडतात. पेज डाऊन दाबा, एकच पडते.

निंबोणी_देवळी
पण मग देवनागरी किती वाईट दिसतं! मी एकदा ते बंद केलं होतं तर क्ष आणि त्र ओळखू येईनात, वेलांट्या तुटक दिसत होत्या. मुद्रितशोधनाला तर नकोच.

पऱ्हाटी_यवतमाळ
@निंबोणी_देवळी साध्या मॉनिटरवर पाह्यलं असन तुमी. हे तेरा इंची बहुतेक २२०० बाय १६५० चे असतात, एका इंचात दोनशेच्या वर ठिपके. अक्षर मोठं ठेवलं तं कडा तुटत नाई. बारीक फॉन्टात तुटते, हे कबूल.

सातपुड्याचा_वारा
दोघांचंही थोडं थोडं खरं. जलद मोडमध्ये कडा बंद ठेवल्यानं फायदा होतो, कारण नाहीतर मॉनिटर त्या राखाडीचे काळे-पांढरे ठिपके करतो आणि अक्षराला केस फुटल्यासारखे दिसतात. चित्र मोडमध्ये गुळगुळीत कडाच चांगल्या, तिथं राखाडी खरी दिसते. मी स्वतः बंद करत नाही, जाड वजनाचा फॉन्ट घेतो. मुक्त मीडियम किंवा नोटो सान्स देवनागरीचं मीडियम, सोळाच्या पुढं. रेघ जाड झाली की तिच्यात पूर्ण काळे ठिपके जास्त आणि कडेचे कमी. पण अनुस्वाराचा ठिपका नीट भरीव दिसतो का ते ताईंनी स्वतः बघावं, माझं काम इंग्रजी कोडचं आहे.

चांदा_किल्ला
थोडं वेगळं विचारतो. माझ्याकडे असा मॉनिटर एप्रिलपासून आहे. चंद्रपूरचं ऊन माहीतच आहे सगळ्यांना. मे महिन्यात दुपारी कूलर बंद असला की अक्षर फिक्कं पडायचं, काळं काळं राहायचंच नाही, संध्याकाळी आपोआप ठीक. लाइन गेली की हमखास. मोड कोणताही असो. हे उष्णतेमुळं की माझ्या पॉवर बँकमुळं? कारण लाइन गेली की मी मॉनिटर पॉवर बँकवर टाकतो.

सातपुड्याचा_वारा
दोन्ही असू शकतं. तापमानाचा परिणाम पक्का आहे. कण ज्या तेलकट द्रवात तरंगतात तो थंडीत घट्ट होतो, गरमीत पातळ. म्हणून मॉनिटरच्या आत तापमानाच्या टप्प्यांप्रमाणे वेगवेगळे तक्ते असतात, किती वेळ किती धक्का द्यायचा त्याचे, आणि आतला सेन्सर बघून तो तक्ता निवडतो. अशा बऱ्याच पडद्यांची मर्यादा ५० अंशांच्या आसपास असते. तुमच्याकडे खोलीत ४२ असेल तर पडद्याच्या मागच्या पेटीत त्याहून जास्त. त्यात समोरचा दिवा चालू ठेवला तर आणखी भर.

वेगळं करायचं तर मे मध्ये लाइन असताना कूलर बंद करून पाहा. तरीही फिक्कं पडलं तर उष्णता. नाही पडलं तर पॉवर बँक बदलून बघा, काही मॉनिटरना दोन अँपिअर लागतात आणि जुनी बँक तेवढी देत नाही.

चांदा_किल्ला
मे मध्ये मुद्दाम कूलर बंद! बरं, विज्ञानासाठी दहा मिनिटं करीन.

अंबाडीची_भाजी
थंडीचं वाचून एकदम लक्षात आलं. मी पहाटे साडेपाचला बसते, आमच्या टिनाखाली या दिवसांत बोटं वळत नाहीत इतकं गार असतं. सावली मला पहाटेच जास्त दिसते, अकरानंतर कमी. मी समजत होते पहाटे माझेच डोळे ताजे नसतात.

सातपुड्याचा_वारा
डोळ्यांचा दोष नाही तो. आमच्याकडे चिखलदऱ्याच्या बाजूला डिसेंबरात हेच होतं. कण हळू चालतात आणि जलद मोड तर वाट बघतच नाही. मी सकाळी मॉनिटर चालू करून वीस मिनिटं तसाच सोडतो, तोवर चहा आणि गाईचं आटोपतो. मग तीन-चार वेळा पूर्ण पुसतो आणि पहिला तास जलदऐवजी मजकूर मोड. शेगडीजवळ नेऊन गरम करू नका, एकच कोपरा गरम झाला तर सेन्सर फसतो आणि सगळ्या पडद्याला चुकीचा तक्ता लागतो.

तुरीची_शेंग
हे सगळं वाचून मनात भीती बसली. माझ्या मॉनिटरवर खालच्या पट्टीची, म्हणजे टास्कबारची, सावली पुसूनही जात नाही. हा कायमचा डाग झाला का? टीव्हीवर चॅनेलच्या लोगोचा पडतो तसा?

पऱ्हाटी_यवतमाळ
टीव्हीसारखं जळत नाई ते. माह्याइथं पडला होता, पांढरी खिडकी पूर्ण पडद्यावर ठेवून आठ-दहा डाव पुसलं, रात्रभर पांढराच ठेवला, गेला. टास्कबार आपोआप लपणारा करून टाका.

सातपुड्याचा_वारा
बहुतेक वेळा जातो, हो. दिवसच्या दिवस जलद मोडमध्ये ठेवून मधे पुसलंच नाही तर कणांभोवती थोडा विद्युतभार साचतो आणि तो एका पुसण्यात निघत नाही. दोन-तीन दिवस पुसूनही तसूभर फरक नसेल तर मात्र वॉरंटी बघा.

धडाकेबाज_पोट्टा
मंग दर मिनिटाले आपोआप पुसाचं ठेवता येत नाई का? मेनूत ऑटो रिफ्रेश असते म्हणे.

पऱ्हाटी_यवतमाळ
येते. मी दर पाच मिनिटांवर ठेवलं आहे, डोक्याले ताप नाई.

अंबाडीची_भाजी
मी ते करून पाहिलं होतं. शब्दावर नजर असताना मधेच पडदा काळा झाला की मी कुठं होते तेच हरवतं, ओळ पुन्हा शोधावी लागते. वाचनाला चालत असेल, दुरुस्तीला नाही.

सातपुड्याचा_वारा
मीही हातानंच पुसतो, परिच्छेद संपला की. पण हा ज्याच्या त्याच्या सवयीचा भाग आहे.

अंबाडीची_भाजी (चार दिवसांनी)
सांगितल्याप्रमाणे एकेक बदल करून पाहिला. पहिल्या दिवशी फक्त क्रम बदलला, आधी रायटर, मग पुसणं, मग जलद. तेवढ्यानंच पडदा दहा मिनिटांत मळायचा तो अर्धा-पाऊण तास टिकायला लागला. दुसऱ्या दिवशी कर्सर आणि लाल रेघ बंद केली. कर्सरखालचा डाग गेला, पण स्थिर कर्सर शोधायला मला वेळ लागतो, त्याची सवय व्हायची आहे. फॉन्ट मुक्त मीडियम १८ केला आणि कडा गुळगुळीतच ठेवल्या. कडा बंद करून अनुस्वार चौकोनी दिसत होता, तो मला चालला नाही.

पीडीएफचं मात्र सुटलं नाही. चित्र मोडमध्ये प्रत्येक पानाला पुसते तेव्हा स्वच्छ दिसतं, पण पिवळट कागदाचा राखाडी रंग पानभर राहतो, आणि न पुसता पान उलटलं की तो राखाडीच ढगांसारखा दिसतो.

सातपुड्याचा_वारा
तो कागदाचा रंग मोडनं जायचा नाही, फाइलमधूनच काढा. मूळ फाइल बाजूला ठेवून प्रतीवर हे चालवा,

```
pdftoppm -r 200 -gray -png juna.pdf pan
mogrify -level 20%,80% pan-*.png
img2pdf pan-*.png -o svaccha.pdf
```

पहिली ओळ पानांची चित्रं करते. दुसरी फिकट ते पूर्ण पांढरं आणि गडद ते पूर्ण काळं करते. तिसरी परत पीडीएफ बांधते. ८० चा आकडा खाली नेला की कागद जास्त पांढरा होतो, पण फार खाली नेला तर फिकट छापलेले ठिपके पुसले जातील, म्हणजे नेमके तुमचे अनुस्वार. म्हणून आधी सगळ्यात फिकट छापलेलं एक पान घ्या आणि मूळाशी ताडून बघा.

निंबोणी_देवळी
हे तर मलाही हवं होतं, आजोबांची पोथी स्कॅन करून ठेवली आहे.

अंबाडीची_भाजी
केलं. ८० वर कागद पूर्ण पांढरा झाला नाही, ७० वर झाला. ६० वर एका पानावरचे चार अनुस्वार गेले, मूळाशी ताडलं म्हणून कळलं. आता ७० वर ठेवलं आहे आणि जिथं शंका येते तिथं मूळ फाइल साध्या लॅपटॉपवर उघडून बघते. पीडीएफ कंटिन्युअसऐवजी एकेक पान ठेवलं आणि एक गंमत सापडली. छापील पुस्तकात ओळींचं अंतर सारखंच असतं, त्यामुळे एकेक पान उलटलं की नवी शिरोरेषा बहुतेक जुन्या शिरोरेषेवरच बसते, सावली असली तरी तिच्याखाली झाकली जाते. कंटिन्युअसमध्ये ती दोन ओळींच्या मधे यायची आणि तिथंच मला खोटे अनुस्वार दिसायचे. स्कॅन वाकडं असलेल्या पानांवर हे जमत नाही, तिथं पुसतेच.

पऱ्हाटी_यवतमाळ
हे लय भारी सांगितलं ताई. मी रायटरमध्ये ओळींचं अंतर Fixed करून पाहतो, पेज डाऊनले तिथंही बसते का.

अंबाडीची_भाजी
@पऱ्हाटी_यवतमाळ पाहा आणि इथं लिहा. माझ्याकडे रायटरमध्ये एकदा बसलं, एकदा अर्ध्या ओळीनं हुकलं, कारण कळलं नाही. पहाटेचं म्हणाल तर आज मॉनिटर चालू करून आधी सडा-सारवण उरकलं, मग बसले. फरक आहे, पण सहापर्यंत मजकूर मोडमध्येही थोडं राहतंच.

चांदा_किल्ला
मे मध्ये हा धागा वर काढतो, कूलरचा निकाल घेऊन.